हबीबी कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही

अरे पोरा,

तुझा तो अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला खरं तर, कारण पहिल्यांदा भाजी करत होते आणि मधेच कुकरची शिट्टी झाली. दुबईत येऊन तीन आठवडे झाले नाहीत आणि तू तीन गोष्टींत अडकलायस. लेबनीज कलीग तुला "या अल्बी" म्हणतो तर त्याला काय उत्तर द्यायचं, एचआरमधल्या जॉर्डनच्या बाईंना तू "हबीबती" लिहिलंस आणि त्या एकदम थंड झाल्या, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी सिरियन बाई तुला काहीतरी दफन करण्याबद्दल बोलली म्हणून तू घाबरलास. शेवटचं ऐकून मी एवढी हसले की शेजारीण विचारायला आली. मी शारजात सतरा वर्षं काढली, ऑफिसात सिरियन, इजिप्शियन, पॅलेस्टिनी सगळे होते, त्यामुळे हे सगळं माझ्या अंगावरून गेलंय, म्हणून लिहून पाठवते, व्हॉइस मेसेजवर मला नीट बोलता येत नाही.

आधी शब्द बघ. हबीब म्हणजे प्रिय, आणि शेवटचा "ई" म्हणजे "माझा". पुरुषाला हबीबी, बाईला हबीबती, बोलताना ते "हबीब्ती" असं ऐकू येतं. पुढे "या" लागतो तो आपला "अरे" आणि "अगं" दोन्ही, त्याला लिंग नसतं. गाण्यांमध्ये प्रेयसीलासुद्धा हबीबी म्हणतात, ती गाण्याची जुनी रीत आहे, त्यावरून शिकू नकोस. आणि ते "हबीबी कम टू दुबई" वाले मीम बघून आपली पोरं इकडे येतात आणि वाटतं की हा शब्द म्हणजे "हॅलो", टॅक्सीवाल्यालाही हबीबी, मॅनेजरलाही हबीबी. तसं नाहीये रे.

"अल्बी" म्हणजे माझं काळीज. मूळ शब्द कल्ब, पण तो क आपला क नाहीये, घशात खूप मागे उच्चारतात. बैरूत, दमास्कस, कैरोकडची शहरी माणसं तो गिळूनच टाकतात म्हणून "अल्बी" होतं, आणि इकडचे खलिजी, म्हणजे आखाती, लोक त्याचा ग करतात म्हणून "गल्बी". आता सगळ्यात महत्त्वाचं, तू जर पुस्तकी म्हणायला गेलास आणि आपल्या साध्या क ने "या कल्बी" म्हणालास तर त्याचा अर्थ होतो "माझ्या कुत्र्या", कारण साध्या क चा कल्ब म्हणजे कुत्रा, आणि अरबीत कुणाला कुत्रा म्हणणं ही चांगलीच शिवी आहे. आमच्याकडे एका केरळी मुलाने भर मीटिंगमध्ये हे केलं होतं, इजिप्शियन सुपरवायझर हसून टेबलावर पडला म्हणून निभावलं. तेव्हा तुला म्हणायचंच असेल तर सरळ "अल्बी" म्हण, आपल्या जिभेला ते सोपं आहे.

आता तुझा लेबनीज मित्र. पुरुषाने पुरुषाला हबीबी म्हणणं इथे इतकं नेहमीचं आहे की त्यात काही शोधायला जाऊ नकोस, आपल्याकडे कोल्हापूरचा माणूस "भावा" म्हणतो तसंच. "अल्बी" त्याच्यापेक्षा जरा जवळचं, आणि तो "हबीब अल्बी" म्हणाला तर आणखी जवळचं. बायका एकमेकींना आणि लहान मुलांना अल्बी जास्त म्हणतात, पण लेबनीज पुरुषही मित्रांना बिनधास्त म्हणतात. तू त्याला फार गोड काही परत द्यायची गरज नाही, "हबीबी" एवढं म्हटलंस तरी उत्तर झालं. नाहीतर त्याने तुझं काही काम केलं तर "तिसलम" म्हण, म्हणजे सुखरूप रहा, बाईला "तिसलमी", आणि तो म्हणेल "अल्ला यसल्लमक". हे दोन शब्द आले की अर्धं ऑफिस तुझं.

हेच शब्द आवाज बदलला की उलटे होतात हे मात्र ऐकायला शीक. "शूफ हबीबी" म्हणजे "हे बघ हबीबी", आणि "ला, हबीबी", म्हणजे "नाही हबीबी", हे शांत आवाजात, शब्द सुटे सुटे करून कुणी म्हणालं ना, तर समज की समोरचा तापलाय. आपल्याकडे भांडणात "हे बघा साहेब" म्हणतात तेव्हा त्यात आदर किती असतो, तसंच. पार्किंगमध्ये रोज ऐकशील. अजून एक खूण सांगते. जो माणूस रोज हबीबी म्हणतो तो एके दिवशी अचानक तुला "उस्ताज" किंवा "मिस्टर अमुक" म्हणायला लागला तर काहीतरी बिनसलंय. आणि "या अखी", म्हणजे माझ्या भावा, हे कानाला गोड वाटतं पण बऱ्याचदा ते वैतागून म्हणतात, आपलं "अरे बाबा, किती वेळा सांगू" त्या चालीत.

(जाता जाता, साहेब हा शब्दसुद्धा मूळचा त्यांचाच, साहिब म्हणजे सोबती. इजिप्तची पोरं एकमेकांना "या साहबी" म्हणतात, म्हणजे अरे दोस्ता. आपण त्याला खुर्चीत बसवला.)

आता त्या एचआरच्या बाई. तू काय लिहिलंस ते मी परत वाचलं, "शुक्रन हबीबती" आणि पुढे लाल हार्ट. तुझ्या मनात काही नव्हतं मला माहितीये, त्यांनाही बहुधा कळलं असेल, पण त्यांच्या जागी बसून बघ. त्या स्वतः ऑफिसातल्या मुलींना दिवसभर हबीबती म्हणतात, तुझ्यासमोरच म्हणतात, म्हणून तुला वाटलं हा ऑफिसचा शब्द आहे. तो बाईने बाईला म्हणायचा ऑफिसचा शब्द आहे. नात्यात नसलेल्या पुरुषाने तो लिहिला की त्याचा मूळ अर्थ जागा होतो, "माझी प्रिया", आणि तो मेसेज त्यांच्या फोनमध्ये लेखी पडून राहिला, नवऱ्याने बघितला तर, मॅनेजरने बघितला तर. बोललेला शब्द हवेत जातो, लिहिलेला राहतो. आणि तू ज्युनियर. मलाही एकदा एका ड्रायव्हरने भर गोडाऊनमध्ये हबीबती म्हटलं होतं आणि मी काही बोलले नाही पण पुढचे दोन महिने त्याच्याशी फक्त चलनापुरतं बोलले, तेव्हा त्या बाईंचं "ओके, नोटेड" मला चांगलं समजतं.

दुरुस्त कसं करायचं? रात्री बसून लांबलचक माफीपत्र लिहू नकोस, त्याने तो प्रकार आणखी मोठा होतो. पुढचं काम निघेल तेव्हा "गुड मॉर्निंग मिस अमुक" एवढं लिही, इमोजी नको, कामाचं बोल. त्यांनी स्वतः विषय काढलाच तर एक वाक्य, की माझं अरबी कच्चं आहे, चुकीचा शब्द वापरला, सॉरी. बास. यापुढे बायकांना मिस किंवा मॅडम आणि पुढे नाव, शिकलेल्या सिनियर बाईला "उस्ताझा" म्हटलंस तर त्यांना आवडेल. रस्त्यावर अनोळखी बाईला काही विचारायचंच झालं तर "उख्ती", म्हणजे ताई. हबीबती हा शब्द तुझ्या बायकोसाठी, होईल तेव्हा, आणि लहान मुलींसाठी ठेव. उलट बाजूने बाई पुरुषाला हबीबी म्हणते का, तर वयाने मोठी बाई तुझ्यासारख्या पोराला म्हणेल, तुझ्या वयाची अनोळखी मुलगी सहसा नाही म्हणणार.

दुकानदार मात्र तुला हबीबी म्हणतच राहणार, त्यात भाव कमी होत नाही. आणि एखादा खलिजी माणूस तुला "सदीक" किंवा "रफीक" म्हणून हाक मारेल, दोन्हीचा अर्थ मित्र, पण नाव माहीत नसलेल्या आपल्याकडच्या कामगाराला बोलवायची ती पद्धत झालीये, बऱ्याच जणांना ते लागतं. तू हसून तुझं नाव सांग. अर्ध्या वेळा पुढच्या वेळी नावाने हाक येते.

आणि आता तुझी म्हातारी. ती म्हणाली "तो'बोर्नी", म्हणजे शब्दशः "तू मला पुरशील". घाबरण्यासारखंच आहे, पण अर्थ असा की मी तुझ्याआधी जावं, तुझ्याशिवाय जगायची वेळ माझ्यावर येऊ नये. आपल्या आज्या "माझं उरलेलं आयुष्य तुला लागू दे" म्हणतात ना, अगदी तेच. सिरिया, लेबनॉनकडचाच हा शब्द, इजिप्शियन आजी म्हणणार नाही. खलिजी आजी "फदीतक" म्हणेल, तुझ्यावरून ओवाळून टाकीन मी स्वतःला, आपलं "फिदा" त्याच घरातलं आहे.

घरातली भाषा वेगळीच असते रे. हयाती म्हणजे माझं आयुष्य (आपण "त्यांच्या हयातीत" म्हणतो तोच हयात), ओम्री म्हणजे माझी उमर, रोही म्हणजे माझा जीव, एका घासाला चार शब्द पोरावर उधळतात. आणि एक गंमत, आमच्या वरच्या मजल्यावर सिरियातल्या होम्सची एक आई होती, ती रोज गॅलरीतून ओरडायची "मामा, मामा, ता'आ", म्हणजे आई, आई, ये, मला वाटायचं ही आईला बोलावतेय, कितीतरी दिवसांनी कळलं की ती पाच वर्षांच्या मुलाला हाक मारत होती. तिकडे आई मुलाला "मामा" म्हणते, बाप "बाबा" म्हणतो, मावशी "खालतो" म्हणते, स्वतःचं नातंच मुलाला परत देतात. आपण नाही का शेंबड्या पोराला "ये रे बाबा" म्हणत, पण ते प्रत्येक नात्यात करतात.

म्हणून ती म्हातारी उद्या तुला "या मामा" किंवा "खालतो" म्हणाली तर गोंधळू नकोस, तुला पोरगा मानलंय. तिला तू हबीबती अजिबात म्हणायचं नाही, त्यात मोठ्या माणसाचा मान राहत नाही. तिला "खालतो" म्हण, म्हणजे आईची बहीण, मावशीच. आणि तिने तुझं काही काम सांगितलं तर "अला रासी" म्हण, माझ्या डोक्यावर, आपलं शिरसावंद्य. तू काही मागितलंस आणि ती "मिन उयूनी" म्हणाली, माझ्या डोळ्यांतून, तर ते काम आनंदाने होईल, आजच होईल असं मात्र धरून चालू नकोस.

तिने दिलेलं ताट अजून तुझ्याकडेच आहे म्हणालास. ते रिकामं परत नेऊ नकोस, पोहे कर, शेंगदाणे जास्त घाल, आणि दार वाजवलंस की खालतो अशी हाक मार.

मावशी