एसी ऑफिससाठी लिप बाम, लिप ऑइल की ग्लॉस?

प्रश्न: ऐरोलीत ऑफिस आहे, दिवसभर एसीत बसते. दुपारपर्यंत ओठांची सालं निघतात. लिप ऑइल, ग्लॉस की बाम, काय लावू?

उत्तर: बाम लावा, तोही पेट्रोलॅटम म्हणजे पेट्रोलियम जेली किंवा मेण असलेला साधा, ऑइल हवंच असेल तर बामवर पातळ थर द्या. कॉस्मेटिक फॉर्म्युलेशनचं काम करते, त्यामुळे कारण सांगते. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि ओठांना स्वतःच्या तेलग्रंथी जवळपास नसतातच, म्हणून आतलं पाणी उडून जातं. बाममधलं मेण आणि पेट्रोलॅटम ते अडवतं. लिप ऑइल पातळ असतं, लावल्यावर मऊ वाटतं, पण एका चहात कपाच्या काठावर निघून जातं. ग्लॉस चिकट असल्याने थोडा जास्त टिकतो, मात्र त्याचं मुख्य काम चमक. शिवाय ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत केस त्यालाच चिकटतात!

डबा खाऊन तोंड धुतलं की ओठ हलके टिपा आणि किंचित ओले असतानाच बाम लावा; कोरड्या सालींवर थापलात तर ओलावा कोंडायला काही उरलेलंच नसतं. सालं ओढू नका, जीभही फिरवू नका.

एक अट: गार लागणारा, म्हणजे मेंथॉल किंवा कापूरवाला बाम असेल तर आधी तो बंद करा. बाम लावून चुरचुरत असेल, दर अर्ध्या तासाने लावावासा वाटत असेल, तर बहुधा दोष त्याचाच. साधा बाम 2-3 आठवडे वापरूनही कोपरे चिरलेलेच राहिले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.