धावफलकातलं झे., गो. आणि १०-३-३२-३

"पेपरात मॅचचा धावफलक येतो त्यात झे., गो., त्रि. गो. आणि खाली १०-३-३२-३ असले आकडे असतात, ते कसे वाचायचे? मॅच कळते पण हे कधी कोणी शिकवलंच नाही."

१९८३ च्या वर्ल्डकप फायनलमधली भारताची इनिंग घेऊ, त्यात जवळजवळ सगळं सापडतं. गावसकर झे. दुजाँ गो. रॉबर्ट्स २, म्हणजे बॉल रॉबर्ट्सचा, कॅच दुजाँने घेतला आणि रन झाले २. इंग्रजी पेपरात झे. च्या जागी सी आणि गो. च्या जागी बी असतं. बी एकटाच असेल, आधी काहीच नाही, तर सरळ दांडी गुल, आपल्याकडे त्याला त्रि. गो. म्हणजे त्रिफळा, अमरनाथ तसाच होल्डिंगच्या बॉलवर गेला. श्रीकांत पायचीत गो. मार्शल ३८, ते इंग्रजीत एलबीडब्ल्यू. यशपाल शर्माच्या पुढे झे. बदली गो. गोम्स आहे, तिथे बदली हे कोणाचं नाव नाही हां, राखीव खेळाडू फील्डिंगला आला होता त्याने कॅच घेतला. संधू शेवटपर्यंत नाबाद ११. यष्टि. दिसलं तर स्टंपिंग.

मग अवांतर २०, कंसात बाय ५, लेगबाय ५, वाइड ९, नोबॉल १. इंग्रजी पेपरात इथे बाय साठी परत बीच छापतात, त्यामुळे नवीन माणूस हमखास गोंधळतो, पण अवांतरच्या ओळीतला बी म्हणजे बॉलर नव्हे.

आता बॉलिंग. रॉबर्ट्स १०-३-३२-३, क्रम लक्षात ठेवा, ओव्हर, मेडन, रन, विकेट. होल्डिंगच्या ९.४ मधला पॉइंट दशांशाचा नाही बरं का, ९ ओव्हर आणि ४ बॉल. त्याच्या त्या चौथ्या बॉलवर किरमाणी गेला आणि इनिंग ५४.४ ओव्हरमध्ये संपली.

मला सगळ्यात मजा येते ती ताळा करायला. सहा बॉलर्सचे रन, ३२, २४, २४, २६, ४९, ८, बेरीज १६३. त्यात अवांतर २० घातले की १८३, भारताचा स्कोअर. पण हे जुनं गणित आहे, तेव्हा वाइड-नोबॉल बॉलरच्या नावावर चढत नव्हते, आता चढतात, म्हणून आजच्या धावफलकात बॉलर्सच्या बेरजेत फक्त बाय आणि लेगबाय मिळवायचे, सगळे अवांतर घातलेत तर टोटल जास्त येईल आणि तुम्ही उगाच पेपरवाल्यांना नावं ठेवाल.

विकेटचंही तसंच, रॉबर्ट्स ३, गार्नर १, मार्शल २, होल्डिंग २, गोम्स २, झाल्या दहा, म्हणजे या इनिंगमध्ये एकही धावबाद नाही. टीम ऑलआउट आहे आणि बॉलर्सच्या विकेट आठच भरतायत असं दिसलं तर वरती बघा, बहुतेक दोघांच्या पुढे धावबाद लिहिलेलं असेल आणि तिथे गो. नसेल, कारण ती विकेट बॉलरला देतच नाहीत.