मक्यातली लष्करी अळी: फवारणी कधी आणि कधी नाही

प्रश्न: मक्याला आठवड्याला एक फवारणी चालू आहे, तरी पोंग्यात अळी दिसतेच. एकात्मिक कीड व्यवस्थापन करा म्हणतात, पण नवख्या माणसानं कधी काय ठरवायचं? (मका उत्पादक, ता. शिरूर, जि. पुणे)

उत्तर: आठवडा मोजून फवारू नका, झाडं मोजून फवारा. एकात्मिक पद्धतीचं मूळ एवढंच आहे: कीड दिसली म्हणून नव्हे, तर नुकसान ठरावीक मर्यादेपुढे गेलं तरच औषध. ही मर्यादा पिकाच्या वयाप्रमाणे बदलते.

उगवण होताच एकरी ५ कामगंध सापळे लावा. त्यांनी अळी संपत नाही, पतंग आल्याची वर्दी मिळते. मग आठवड्यातून दोनदा शेतात इंग्रजी डब्ल्यूसारखं नागमोडी फिरून ५ ठिकाणी प्रत्येकी २० झाडं बघा. पोंग्याच्या पानावर ताजे कागदासारखे पांढुरके चट्टे किंवा ओली विष्ठा दिसली तरच ते झाड धरा. जुनी भोकं मोजू नका. नवखे बहुतेक तिथंच चुकतात आणि नसलेल्या अळीवर फवारतात.

समजा, पंधराव्या दिवशी १०० पैकी ७ झाडं निघाली. रोपं लहान असताना मर्यादा ५ टक्के, म्हणून ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून १०० लिटर करायची. अळ्या बारीक असतानाच तो लागू पडतो. अठ्ठाविसाव्या दिवशी ८ झाडं निघाली, तर हात आवरा. आता मर्यादा १० टक्के आहे, आणि पोंगा वाढत असल्यानं मका एवढं नुकसान भरून काढतो. त्याच सुमारास १४ झाली, तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, १५ लिटरच्या पंपाला ६ मिली. पोंगा मोठा झाल्यावर, तुरा येण्याआधी, २० टक्क्यांपर्यंत थांबता येतं.

तुमची फवारणी फसते, त्याचं कारण बहुधा औषध नसून नोझल आहे. मोठी अळी विष्ठेचं बूच लावून पोंग्यात खोल बसते. पानांवरून उडवलेलं औषध तिथवर जातच नाही. नोझल पोंग्यावर धरा, संध्याकाळी फवारा, आणि तिसऱ्या दिवशी त्याच ओळीतले १०-१५ पोंगे उकलून बघा. जिवंत अळ्या असतील तर तेच औषध पुन्हा मारू नका, दुसऱ्या गटातलं घ्या. विनाकारण झालेल्या प्रत्येक फवारणीत अंडी-अळ्या खाणारे ढालकिडेही मरतात.

तुरा आल्यावर रासायनिक फवारणी बंद. कणसात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही, हातानं वेचा. मुरघासासाठी मका असेल, तर लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी पाळूनच कापा.