अकराव्या उताऱ्याला नियम गळाला, पंधराव्याला कळलं

प्रश्न: चॅटबॉटशी खूप लांब बोलणं झालं की सुरुवातीला दिलेल्या सूचना तो विसरतो. "नीट लक्षात ठेव" असं बजावूनही उपयोग होत नाही. असं का?

"लक्षात ठेव" म्हणणं म्हणजे टोकन वाया घालवणं आहे; टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं ते तुकडे. चॅटबॉटमागच्या मॉडेलला दोन मेसेजांच्या मधल्या काळात काहीच आठवत नसतं. तुम्ही पन्नासावा मेसेज पाठवता तेव्हा ॲप आधीचे एकोणपन्नास मेसेज आणि त्यांची उत्तरं पुन्हा एकदा जोडून पाठवतं, आणि मॉडेल ते सगळं पहिल्यापासून नव्याने वाचतं. एका वेळी किती वाचता येईल याची मर्यादा म्हणजे कॉन्टेक्स्ट विंडो. त्यात ॲपच्या छुप्या सूचना, जोडलेल्या फायली, जुनं संभाषण आणि अजून लिहायचं असलेलं उत्तर, सगळं बसावं लागतं.

एक हिशेब मांडतो. आकडे मुद्दाम लहान धरलेत. विंडो ८,००० टोकनांची आहे. छुप्या सूचना ५०० आणि उत्तरासाठी राखून ठेवलेले १,००० वजा केले, तर उरतात ६,५००. काम आहे पंपाच्या इंग्रजी मॅन्युअलचं भाषांतर. पहिल्या मेसेजमध्ये नियम दिला की व्हॉल्व्हला सगळीकडे 'झडप' म्हणायचं. तो मेसेज आणि त्यावरचा होकार मिळून ३५० टोकन. पुढे प्रत्येक इंग्रजी उतारा २५० आणि त्याचं मराठी ४००, म्हणजे एका फेरीला ६५०. (देवनागरी मजकुराला, टोकन पाडणाऱ्या बहुतेक टोकनायझरमध्ये, त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. त्यामुळे मराठीत गप्पा मारणाऱ्याची विंडो लवकर भरते.)

दहावा उतारा पाठवताना बेरीज होते ३५० + ५,८५० + २५० = ६,४५०. जेमतेम बसलं. अकराव्याला ७,१०० होतात. आता ॲप सर्वांत जुनं आधी कापतं: नियमाचे ३५० गेले, तरी ६,७५० उरतात, म्हणून पहिला उताराही गेला. उरले ६,१००. नियम इथेच संपला, पण स्क्रीनवर तुम्हाला तो वर सरकवून अजूनही दिसतो, म्हणून संशय येत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. अकराव्या उताऱ्यात व्हॉल्व्ह आला असता तरी बहुधा 'झडप'च आलं असतं, कारण दुसऱ्या ते चौथ्या उताऱ्यातली 'झडप' अजून विंडोत आहे आणि मॉडेल तिचीच री ओढतं. पण समजा, पाचव्यापासून चौदाव्यापर्यंत मोटर आणि वायरिंगचाच भाग आहे आणि व्हॉल्व्ह पुन्हा येतो तो थेट पंधराव्यात. पंधरावा उतारा येईपर्यंत विंडोत सहा ते चौदा एवढेच उरतात आणि त्यात 'झडप' एकदाही नाही. मग बिनदिक्कत 'व्हॉल्व्ह' उमटतो. चूक दिसते पंधराव्याला, कारण घडलेलं असतं अकराव्याला. म्हणूनच लोक "आत्ता अचानक बिघडला" म्हणतात.

मॉडेल थकतं, कंटाळतं, हे ठासून सांगणारे दर वेळी भेटतात. तसं काही नसतं. "मी आधीच सांगितलं होतं ना!" असं रागावून लिहिणंही निरर्थक आहे. नियम विंडोत नसेल तर मॉडेल माफी मागेल आणि काय सांगितलं होतं याचा अंदाज बांधेल. वर त्या भांडणाने जागा खाल्ली ती वेगळीच.

नियम गळाला का, हे तपासायचं तर फक्त पहिल्या मेसेजमध्ये असलेली एखादी गोष्ट विचारा, पण उत्तर सुचेल असं विचारू नका. "झडप म्हणायचं ठरलं होतं ना?" याला होकारच मिळेल. "व्हॉल्व्हसाठी कोणता शब्द ठरला होता?" असं विचारा.

उपाय कंटाळवाणा आहे: शब्दांची यादी बाहेर एका फायलीत ठेवा आणि दर सात-आठ उताऱ्यांनी पुन्हा चिकटवा. ॲपमध्ये कायमच्या सूचनांची जागा असेल तर तिथे टाका, कारण ती सहसा प्रत्येक वेळी जोडली जाते. नवा विभाग सुरू झाला की सरळ नवं चॅट उघडा.

आता राहिलेलं. सगळी ॲप्स असं कापत नाहीत. काही जुन्या भागाचा सारांश करून ठेवतात. त्यात "पंपाच्या मॅन्युअलचं भाषांतर चालू आहे" हे टिकतं आणि नेमकी 'झडप' गळते. आजच्या विंडो लाखभर टोकनांच्या आणि त्याहून मोठ्याही असतात, त्यामुळे कापाकापी उशिरा होते. तरी मजकूर विंडोत असणं आणि मॉडेलने तो वापरणं यात फरक आहे: लांब मजकुराच्या मध्यावर असलेली माहिती सुरुवातीच्या किंवा शेवटच्या माहितीपेक्षा जास्त वेळा निसटते, हे २०२३ सालीच प्रयोगांत दिसलं होतं. तुमचं चॅट वीस-तीस मेसेजांचंच असेल आणि मोठ्या फायली जोडल्या नसतील, तर कारण बहुधा हे दुसरं आहे. त्यावरही यादी पुन्हा शेवटी चिकटवणं चालतं.