टक्केवारी नव्हे, वाक्य कोणाचे ते पाहतात

‘मी ऐरोलीची आहे. मुंबई विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअरिंग केले असून सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये शहर नियोजनात मास्टर्स करणार आहे. आमच्याकडे पाठ केलेले उत्तर जसेच्या तसे उतरवले की गुण मिळत. तिथे प्लेजरिझम किती टक्क्यांपर्यंत चालते?’

आपल्याकडे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यामुळे टक्क्यांचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. इथे इंग्लंडमध्ये मात्र टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल केवळ जुळणारा मजकूर दाखवतो आणि निर्णय प्राध्यापक तो मजकूर वाचून घेतात. अवतरणे आणि संदर्भसूची धरून पंचवीस टक्के साम्य दिसले तरी काम निर्दोष ठरू शकते, आणि सहा टक्के साम्य एकाच उचललेल्या परिच्छेदाचे असेल तर चौकशी होऊ शकते.

पाठांतरात तयार झालेले विद्यार्थी क्वचितच सरळ नक्कल करतात. ते शब्द बदलतात, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. समजा, पुस्तकात असे वाक्य आहे: ‘मुंबईवरील लोकसंख्येचा ताण हलका करण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, परंतु नोकऱ्या दक्षिण मुंबईतच राहिल्याने नव्या शहराची वाढ मंदावली.’ तुम्ही लिहिले: ‘मुंबईच्या लोकसंख्येचा भार कमी करण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, पण रोजगार दक्षिण मुंबईतच असल्याने नवीन शहर हळू वाढले.’ शब्द बदलले, तरी वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहिला. शेवटी त्याचे नाव दिले तरीही हे सदोषच, कारण नाव दिल्याने विचार त्याचा आहे एवढेच कळते आणि मांडणी तुमची आहे असा वाचकाचा समज होतो.

यावर उपाय म्हणजे पुस्तक मिटून लिहिणे: ‘वाढ मंदावण्याचे कारण अमुक लेखक नोकऱ्यांच्या जागेत शोधतो, वाशीतील बाजार समितीचे स्थलांतर लक्षात घेता हे स्पष्टीकरण अपुरे वाटते.’ इथे लेखकाचे मत नाव आणि वर्षासह येते आणि त्यावरचा आक्षेप तुमचा राहतो. सिडकोच्या स्थापनेचे वर्ष सर्वज्ञात असल्याने त्याला सहसा संदर्भ लागत नाही. वाढ मंदावण्याचे कारण हा एकाचा दावा आहे, म्हणून त्याला लागतो. (गुणही त्या आक्षेपालाच मिळतात, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.) टिपणे काढताना जसेच्या तसे उतरवलेले वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत घाला आणि पान क्रमांक लिहा, कारण तीन आठवड्यांनी ते वाक्य तुमचे की पुस्तकाचे, हे तुम्हालाही ओळखता येणार नाही.

दुसरी सवय सबमिशनच्या आठवड्यातली. एकीची जर्नल पूर्ण झाली की साऱ्या बॅचने ती उतरवायची, हे आपल्याकडे मैत्रीत मोडते. इथे वैयक्तिक असाइनमेंटमध्ये त्याला कोल्यूजन म्हणतात. विषयावर एकत्र चर्चा करायला सहसा हरकत नसते, परंतु लिहून झालेली फाइल ‘नुसती बघायला’ मैत्रिणीला पाठवली आणि तिने त्यातून उचलले, तर चौकशीचे पत्र दोघींनाही येऊ शकते.