मिनिमम भरून स्कोअर वाढत नाही, आधी ती 30 हजारांची बाकी मिटवा

"सर, पहिलीच नोकरी आहे. चार महिन्यांपूर्वी क्रेडिट कार्ड घेतलं, लिमिट 40 हजार, सध्या बाकी 30 हजार. कार्ड देणारा म्हणाला की थोडी बाकी ठेवून मिनिमम भरत राहा, स्कोअर वाढतो. म्हणून महिन्याला दीड हजार भरतो. व्याज साडेतीन टक्के महिना लिहिलंय. अडीअडचणीसाठी 50 हजार बचत खात्यात आहेत, त्यांना हात लावत नाही. हिस्टरी बनवायची तर खर्चाला क्रेडिट वापरू की डेबिट?"

बाकी ठेवल्याने स्कोअर वाढतो हे साफ खोटं आहे, आणि ज्याने सांगितलं त्याचा मला खरंच राग आलाय. मिनिमम वेळेवर भरलं की 'पेमेंट चुकलं' अशी नोंद होत नाही, बस, एवढाच त्याचा उपयोग. 30 हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे 1050 रुपये व्याजाच्या घशात, दीड हजारातले जेमतेम 450 मुद्दलात. कार्डावर एक पैसाही नवा खर्च न करता असंच 5 टक्के मिनिमम भरत राहिलात तर बाकी निम्मी व्हायलाच जवळपास 4 वर्षं लागतील. आणि नवा खर्च केलात तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण जुनी बाकी असेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे कार्ड विकताना कुणी सांगत नाही.

वर 40 पैकी 30 हजार म्हणजे 75 टक्के लिमिट वापरलेलं दिसतंय, त्याने स्कोअर उलट खाली ओढला जातो.

त्या 50 हजारांतून आजच 30 भरा. बचत खातं वर्षभरात जेवढं देतं तेवढं इथे एका महिन्यात जातंय. उरलेल्या 20 मध्ये वाचलेले दीड हजार दर महिन्याला टाकत जा. पुढच्या बिलात थोडं व्याज परत दिसेल, घाबरू नका, ते बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं असतं, तेही भरून टाका.

बिल शून्य येईपर्यंत सगळा खर्च डेबिटने करा. पण डेबिटवर तुमचेच पैसे जातात, कुणी उधार देत नाही, त्यामुळे क्रेडिट ब्युरोकडे काही पोचतच नाही, दहा वर्षं वापरलंत तरी पाटी कोरीच. म्हणून नंतर मोबाईल, इंटरनेट अशी दोन-तीन ठरलेली बिलंच क्रेडिटवर ठेवा, 4-5 हजारांपर्यंत, म्हणजे लिमिटच्या 10-12 टक्के. बाकी सगळं डेबिट.

ऑटोपे लावताना मात्र नीट बघा, तिथे 'मिनिमम अमाउंट ड्यू' आणि 'टोटल अमाउंट ड्यू' असे दोन पर्याय येतात आणि घाईत पहिला टिक होऊन जातो. तुम्हाला टोटलच निवडायचाय, आणि आधी लावलेलं असेल तर आज उघडून बघा काय निवडलंय ते.