प्रोसेस चालू असताना मधेच रिक्रूटर बदलला तर नव्याला काय लिहायचं

प्रश्न: दोन टेक्निकल राउंड झाले आणि मधेच एचआर बदलली. नवीन रिक्रूटरचा मेल आलाय की इथून पुढे मी बघेन, तुमचं स्टेटस सांगा. परत पहिल्यापासून सगळं सांगायचं का? नक्की काय लिहू?

पहिल्यापासून नको. ओळख दोन ओळींत, बाकी मेल स्टेटसला द्या, आणि त्यातही जे फोनवर बोललं गेलं त्याला जास्त जागा द्या.

मी पुण्यात आयटी हायरिंगमध्ये आहे आणि दुसऱ्याने सोडलेले कॅन्डिडेट गळ्यात पडणं हे आमचं नेहमीचंच, त्यामुळे आमच्या स्क्रीनवर काय दिसतं ते सांगतो. सिस्टीममध्ये तुमचा रेझ्युमे असतो, कुठला राउंड कधी झाला ते असतं, इंटरव्ह्यू घेणाऱ्याने भरला असेल तर फीडबॅकही असतो. पण आधीच्या रिक्रूटरशी पंधरा मिनिटं फोनवर जे बोलणं झालं त्याची नोंद म्हणजे एक्सेलच्या एका चौकोनात 'गुड, एक्स्प. १८-२१, नोटीस ९०' एवढीच. कधीकधी तीही नसते, कारण जाणारा माणूस शेवटच्या दिवशी घाईघाईत शीट भरून देतो.

आता याच नोंदीतून घोटाळे कसे होतात बघा. पगाराची अपेक्षा '१८-२१' वाचून नवीन माणूस १८ धरून चालतो आणि मॅनेजरला तोच आकडा सांगून मोकळा होतो, मग ऑफरच्या वेळी तुम्ही २१ म्हणालात की तुम्हीच आकडा वाढवला असं दिसतं. दुसरं म्हणजे नोटीस पिरियड. अर्ज भरताना तुम्ही ९० दिवस टाकलेले असतात, नंतर राजीनामा देऊन महिना उलटलेला असतो, पण शीटवर ९० च राहतात आणि ज्या पोझिशनला लवकर माणूस हवाय तिथे तुमचं नाव खाली सरकतं. हे तुम्हाला कोणी कळवतही नाही. म्हणून दिवस लिहूच नका, लास्ट वर्किंग डेची तारीख लिहा.

एक उदाहरण घेऊ. जावा बॅकएंडची मुलगी आहे, सहा वर्षं अनुभव, १० जूनला राजीनामा दिलाय, नोटीस ९० दिवसांची म्हणजे शेवटचा दिवस ८ सप्टेंबर. २७ जून आणि ४ जुलैला टेक्निकल राउंड झाले, नवीन रिक्रूटरचा मेल आला ११ जुलैला. मेल इंग्रजीतच जाईल, इथे मराठीत लिहितो म्हणजे काय कुठे येतं ते कळेल:

'नमस्कार, मेलबद्दल धन्यवाद. मी सीनियर बॅकएंड इंजिनियर या रोलसाठी (जॉब आयडी सब्जेक्टमध्ये दिलाय) प्रोसेसमध्ये आहे. सहा वर्षं जावा आणि स्प्रिंग बूट, सध्या पेमेंट्सच्या टीममध्ये काम करते. २७ जून आणि ४ जुलैला दोन टेक्निकल राउंड झाले. दुसऱ्याचा फीडबॅक चांगला आहे आणि पुढे मॅनेजरियल राउंड होईल असं ७ जुलैला फोनवर कळलं होतं, तारीख ठरायची आहे. सध्याचा फिक्स्ड १४ लाख, व्हेरिएबल दीड लाख वेगळा. अपेक्षा २१ लाख फिक्स्ड, हे पहिल्याच कॉलवर सांगितलं होतं. लास्ट वर्किंग डे ८ सप्टेंबर, आधी सोडतील का ते विचारलंय पण अजून लेखी काही नाही. आठवड्यातून तीन दिवस पुणे ऑफिस असं बोलणं झालं होतं, ते तसंच आहे ना? माझ्याकडे दुसरी एक ऑफर आहे, तिला २१ जुलैपर्यंत उत्तर द्यायचंय. मॅनेजरियल राउंड त्याआधी होऊ शकेल का? मी रोज सहानंतर मोकळी आहे, १६ तारखेला दिवसभर चालेल.'

बस, एवढंच. कॉलेज, टक्के, आधीच्या सगळ्या कंपन्या यातलं काही नाही, ते रेझ्युमेत आहे.

यातली तीन दिवस ऑफिसची ओळ नीट बघा. आधीच्या रिक्रूटरने तोंडी सांगितलेली गोष्ट 'तुम्ही कबूल केलंय' अशा सुरात मांडली की नवीन माणूस बिचकतो, कारण ते खरं आहे की नाही हे त्याला माहीतच नसतं. असं बोलणं झालं होतं, तसंच आहे ना, असं विचारलं की तो मॅनेजरला विचारून उत्तर देतो आणि ते उत्तर तुमच्याकडे लेखी येतं. जॉइनिंग बोनस, बायआउट, लेव्हल, सगळ्याला हीच पद्धत. दुसरी ऑफर मात्र खरी असेल तरच लिहा, बऱ्याच कंपन्या ऑफर लेटरची कॉपी मागतात.

उत्तर जुन्या मेल थ्रेडवरच द्या, नव्या माणसाने वेगळा मेल टाकला असेल तर जुना थ्रेड त्यालाच फॉरवर्ड करून वर हे लिहा, म्हणजे तारखा खाली आपोआप दिसतात. मधल्या काळात रेझ्युमे बदलला असेल तर नवीन जोडून काय बदललं ते एका ओळीत सांगा, नाहीतर दोन फायली बघून लोक उगाच गोंधळतात. आधीची व्यक्ती का गेली ते विचारू नका, आणि तिने उत्तरं उशिरा दिली वगैरे तक्रारही नको, शेजारच्याच डेस्कवर बसून आता ती दुसऱ्या टीमचं हायरिंग बघत असेल.

एक खबरदारी. मेल कंपनीच्याच डोमेनवरून आलाय ना बघा. साध्या फुकटच्या मेल आयडीवरून 'आता मी बघतोय' म्हणत कोणी सॅलरी स्लिप आणि पॅन मागत असेल तर आधी जुन्या थ्रेडवर विचारून खात्री करा. आणि नवीन माणूस कन्सल्टन्सीचा निघाला आणि तुमचा रेझ्युमे परत सबमिट करतो म्हणाला तर थेट नाही म्हणा, तुमचा अर्ज आधीच आत आहे, दुसऱ्या सोर्सने तोच परत गेला की ड्युप्लिकेट म्हणून अडकतो आणि मग तुमचं श्रेय कोणाचं यावर त्यांची भांडणं.

कंपनीचाच रिक्रूटर नवीन लिंक देऊन परत अप्लाय करा म्हणाला तर त्यात नेहमी काळंबेरं असतंच असं नाही. जुनी पोझिशन बंद करून त्याच कामासाठी नवीन आयडी काढतात, असं होतं. फक्त भरण्याआधी विचारा की झालेले दोन राउंड नवीन आयडीला जोडले जाणार का, की परत द्यायचे. उत्तर गुळमुळीत आलं तर पोझिशन होल्डवर असण्याची शक्यता बरीच, मग दुसऱ्या ऑफरचा निर्णय यांच्या भरवशावर थांबवू नका.

यानंतर बहुतेक एक छोटा कॉल येईल. समोरच्याने तुमच्या दुसऱ्या राउंडबद्दल काही नेमकं विचारलं तर हँडओव्हर झालाय. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'पासून सुरुवात झाली तर मेल वाचलेला नाही, मग मिनिटभरात तेच क्रमाने बोला, आकडे मेलमधलेच ठेवा, आणि फोन ठेवायच्या आधी पुढचा राउंड कोण घेणार आणि कोणत्या तारखेपर्यंत कळेल एवढं विचारून घ्या. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्याच थ्रेडवर एका ओळीचा मेल टाकायला हरकत नाही.